अपडेट मध्येच तुटलं आणि हेडफोनचं एकही बटण चालेना, जबरदस्तीने रिसेट कसा करायचा?

मंद्रसप्तक
मंडळी, मदत हवीय. माझा ओव्हर-इअर ब्लूटूथ हेडफोन आहे, दीड वर्ष जुना, आजवर काही म्हणजे काही त्रास नाही. काल सकाळी ॲपमध्ये फर्मवेअर अपडेट आलं म्हणून चालू केलं, वीसेक मिनिटं लागतील असं दाखवत होतं, आणि मला निघायचं होतं म्हणून हेडफोन बॅगेत, फोन खिशात असा कांदिवली स्टेशनला निघालो. ६४ टक्क्यांवर होतं तेव्हा आईचा फोन आला, मी उचलला, बोललो, आणि नंतर बघतो तर ॲपमध्ये अपडेट फेल. त्यानंतर हेडफोनला काहीच कळत नाहीये. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, नॉइज कॅन्सलिंगचं दाबलं, दोन्ही एकत्र दाबली, काही नाही. पांढरा दिवा एकसारखा जळतोय, विझतच नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत येत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

घरात सात महिन्यांचं बाळ आहे, वन आरके, आणि मी रात्री गाण्याच्या क्लासची रेकॉर्डिंग्ज एडिट करतो, त्यामुळे हेडफोनशिवाय काम बंदच आहे. वॉरंटी संपलेली. काय करता येईल?

चाळकरी_गिरगाव
फॅक्टरी रिसेट मार ना सरळ. दोन्ही बटणं ७ ते १० सेकंद दाबून धर, दिवा चार वेळा लुकलुकला की झालं. माझ्याकडे दर दोन महिन्यांनी करावं लागतं.

मंद्रसप्तक
@चाळकरी_गिरगाव तेच केलं ना, दिवा ढिम्म हलत नाही.

रोहिणी_डोंबिवली
माझा पण सेम प्रॉब्लेम आहे. डाव्या कानातलं इअरबड ऐकू येत नाही, उजवं येतं. केसमध्ये ठेवलं की दोन्ही चार्ज होतात. मी पण अपडेट केलं होतं मागच्या महिन्यात. काय करू?

सोल्डरकाका
रोहिणीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, जाळीत मळ बसलाय का ते आधी बघा, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच साफ करा, आणि मग दोन्ही बड केसमध्ये ठेवून नव्याने पेअर करा. त्यावर वेगळा धागा काढलात तर तिकडे येतो.

मंद्रसप्तक, तुम्ही मला चार गोष्टी सांगा, त्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं. चार्जरला लावल्यावर दिव्यात काही फरक पडतो का. कानाचे कप हाताला कोमट लागतात का, दोन्ही की एकच. अपडेट तुटल्यापासून बॅटरी उतरलीय असं काही दिसतंय का. आणि ऑक्सची वायर लावून आवाज येतो का.

मंद्रसप्तक
काका, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता हात लावून बघितलं. उजवा कप कोमट आहे, डावा गार. चार्जरला लावलं की पांढऱ्याच्या जोडीला शेजारी नारिंगी दिवा लागतो. ऑक्सवर आवाज नाही. बॅटरीचं कसं ओळखायचं? ॲप तर हेडफोन दाखवतच नाही.

सोल्डरकाका
बॅटरीचं ओळखायला ॲप लागत नाही. आज रात्री नारिंगी दिवा विझेपर्यंत पूर्ण चार्ज करा, वायर काढा, किती वाजले ते लिहून ठेवा. सकाळी परत लावा आणि नारिंगी विझायला किती वेळ लागतो ते बघा. पाच मिनिटांत विझला तर आतला प्रोसेसर झोपलेला आहे. तासभर लागला तर तो रात्रभर जागा होता आणि बॅटरी खात होता. पुढचा रस्ता ह्यावर ठरतो.

आता बटणं का चालत नाहीत ते सांगतो, कारण सगळे बटणंच दाबत बसतात. पंख्याचं बटण खरोखर तार तोडतं. हेडफोनचं पॉवर बटण तसं नाही, ते म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला मारलेली हाक. वॉचमन म्हणजे आतलं फर्मवेअर. तो जागा असेल तर हाक ऐकून गेट उघडतो-लावतो. तोच बेशुद्ध पडला असेल तर तुम्ही तीस सेकंद ओरडा नाहीतर तीस मिनिटं, गेट हलणार नाही. चाळकरींनी सांगितलेला फॅक्टरी रिसेटही वॉचमनच करतो, पेअरिंगची यादी पुसणं हे फर्मवेअरचं काम आहे. म्हणून तो इथे लागू पडत नाही, चूक नाहीये पण त्याची वेळ नंतर येते.

जबरदस्तीचा रिसेट वेगळा. त्यात प्रोसेसरला वीज देणारा भागच क्षणभर पुरवठा तोडतो. वॉचमनला न विचारता मेन स्विच पाडल्यासारखं. पण हा रिसेट प्रत्येक कंपनीने वेगळ्या ठिकाणी ठेवलाय आणि बऱ्याच मॉडेलवर तो चार्जर जोडलेला असतानाच चालतो.

शिवडीची_स्नेहा
हे चार्जरचं मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं!! माझा हेडफोन मागच्या पावसाळ्यात असाच अडकलेला, मी दोन दिवस बटणं दाबून दाबून अंगठा दुखवून घेतला, शेवटी मॅन्युअल नीट वाचलं तर त्यात रिसेट आणि इनिशियलाइझ असे दोन वेगळे परिच्छेद होते आणि मी दुसराच करत होते. पहिल्यात स्पष्ट लिहिलेलं की आधी यूएसबी वायर लावा, मग दोन बटणं. वायर लावून केलं तर एका झटक्यात दिवा गेला आणि परत चालू झाला, पेअरिंग पण होतं तसंच राहिलं. दुसऱ्यात नेमकं उलटं, वायर काढून सात सेकंद.

चाळकरी_गिरगाव
ओके हे मला खरंच माहीत नव्हतं, मी दोन्ही एकच समजत होतो.

सोल्डरकाका
बहुतेकांची तीच गल्लत होते. नमुन्यादाखल काही मॉडेलांची मॅन्युअलमधली रीत देतो, म्हणजे फरक कळेल. सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ ला चार्जिंगला लावून पॉवर आणि कस्टम ही बटणं एकत्र दाबली की रिसेट. वायर काढून, बंद करून, तीच दोन बटणं ७ सेकंदांहून जास्त धरली की इनिशियलाइझ, म्हणजेच फॅक्टरी रिसेट. बोस क्यूसी ३५ मध्ये बटणांची जोडी नाहीच, स्विच बंद करायचा, थोडं थांबायचं, चार्जरला काही सेकंद लावून काढायचं, मिनिटभर थांबून परत चालू करायचं. एअरपॉड्स मॅक्सला थोडं चार्ज करून नॉइज कंट्रोलचं बटण आणि डिजिटल क्राउन दहाएक सेकंद, दिवा नारिंगी लुकलुकेपर्यंत धरायचं, आणि तिथे न सोडता नारिंगीनंतर पांढरा होईपर्यंत धरलं तर मात्र सगळं पुसलं जातं.

बघा, तीन घरांच्या तीन तऱ्हा. म्हणून यूट्यूबवर दुसऱ्या मॉडेलचा व्हिडिओ बघून बटणं दाबू नका, आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल काढा. आणि त्यात "रिसेट" आणि "इनिशियलाइझ" दोन्ही शोधा.

पश्चिमरेल्वेचा_राजा
काका म्हणतात ते ठीक आहे पण एवढं कशाला, उघडून बॅटरीचा कनेक्टर काढा आणि परत लावा, विषय संपला. मी स्पीकरचं असंच केलंय.

पूर्वा_मुलुंड
कोणीतरी फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलेलं मला एकदा 😄 चालतं का ते?

सोल्डरकाका
पूर्वाताई, नका ठेवू. आपल्या मुंबईच्या दमट हवेत फ्रीझरमधून बाहेर काढल्या काढल्या आतल्या बोर्डावर पाणी धरतं. बिघाड एक असतो, त्याचे दोन होतात.

राजाभाऊ, कनेक्टर काढण्याने खरंच रिसेट होतो, त्यात वाद नाही. पण स्पीकर आणि हेडफोन एक नव्हे. बऱ्याच हेडफोनमध्ये बॅटरी कनेक्टरवर नसते, सरळ बोर्डाला सोल्डर केलेली असते. उशी काढताना तिच्या क्लिप तुटतात, उजव्या-डाव्या कपाला जोडणारी केसासारखी तार निसटते. मी लॅमिंग्टन रोडला बावीस वर्षं बसलोय, अशी "फक्त कनेक्टर काढायला" उघडलेली किती माझ्याकडे आली ती मोजलेली नाहीत. त्यातली अर्धी मूळ बिघाडासाठी नव्हती, उघडताना तुटलेल्या तारेसाठी होती. उघडणं हा शेवटचा उपाय.

पश्चिमरेल्वेचा_राजा
मला अजूनही वाटतं हाताला सवय असेल तर तेच सगळ्यात लवकर होतं. असो.

मंद्रसप्तक
रात्रीची टेस्ट केली. ११ वाजता नारिंगी विझला, वायर काढली. सकाळी ८ ला लावली, ८ वाजून ५५ मिनिटांनी विझला. एरवी रिकामा हेडफोन पूर्ण भरायला तीन तास लागतात.

सोल्डरकाका
म्हणजे नऊ तासांत साधारण तिसरा हिस्सा बॅटरी गेली. प्रोसेसर जागा आहे, कप कोमट लागतो तो त्यामुळेच. मेलेला नाही, कुठल्यातरी पायरीवर अडकून त्याच जागी फिरतोय. ही चांगली बातमी समजा.

आता मॅन्युअलमधला चार्जरवाला रिसेट करा. लॅपटॉपच्या पोर्टला नको, साध्या भिंतीच्या चार्जरला लावा. आणि डोळे पांढऱ्या दिव्यावर ठेवा. बटणं दाबल्यावर तो विझतो का, आणि विझून परत लागतो का, एवढंच सांगा.

देवनार_डीजे
बॅटरी तशीही उतरतेय तर उतरू द्या ना पूर्ण, आपोआप बंद पडेल, मग चार्ज केला की फ्रेश चालू. माझ्या जुन्या हेडफोनला हेच केलं होतं, दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला आणि उठला.

सोल्डरकाका
देवनारभाऊ बरोबर आहेत, फक्त एक अट आहे. प्रोसेसर जागा असेल तरच बॅटरी उतरते. ह्यांचा आहे, त्या हिशोबाने अजून सत्तावीस-अठ्ठावीस तासांत रिकामा होईल. झोपलेला असेल तर तो महिनोन्महिने उतरणार नाही आणि तुम्ही ड्रॉवर उघडून बघत बसाल. आणि रिकामा झाला की लगेच चार्जला लावायचा, लिथियमची बॅटरी रिकामी ठेवून द्यायची नसते. पण रिकामी करणं म्हणजे पण शेवटी रिसेटच, लांबच्या रस्त्याने. बटणांचा रिसेट पोचत असेल तर त्याने वेगळं काही मिळत नाही.

मंद्रसप्तक
केलं. भिंतीच्या चार्जरला लावून दोन्ही बटणं दाबली, पांढरा दिवा विझला!! बायकोला ओरडून सांगितलं, बाळ उठलं. पण बटणं सोडली आणि दोन सेकंदांत दिवा परत लागला आणि परत तसाच एकसारखा जळतोय. पाच वेळा केलं, दर वेळी सेम. काका, आता?

शिवडीची_स्नेहा
अरेरे. माझा एवढ्यात उठला होता.

सोल्डरकाका
स्नेहाताईंचा अडकला होता, ह्यांचं फर्मवेअर अर्धवट आहे, हा फरक. दिवा विझून परत लागला म्हणजे रिसेट पोचला, वॉचमनला पाणी मारून उठवलं, तो उठला आणि त्याच पायरीला परत पडला. आता शंभर वेळा रिसेट करा, बॅटरी उतरवा, राजाभाऊंच्या रीतीने कनेक्टर काढा, उत्तर हेच येणार. कारण जे साठवलेलं आहे तेच अर्धवट आहे.

असं का होतं ते सांगतो. चांगल्या रचनेत फर्मवेअरला दोन खोल्या असतात. एका खोलीत जुनं चालू असतं, नवं दुसऱ्या खोलीत उतरतं, पूर्ण उतरलं, तपासणी झाली की मगच दारावरची पाटी बदलते. तिथे ६४ टक्क्यांवर तुटलं तरी काही बिघडत नाही, जुनं चालू राहतं. पण मेमरी वाचवायला काही जण एकाच खोलीत भागवतात, आपण वन आरकेत राहून रंगकाम काढतो तसं. जुनं सामान बाहेर, नवं अर्धंच आत, आणि रंगारी गेला निघून. दुसरं म्हणजे आत एकच चिप नसते, ब्लूटूथची वेगळी, टचची वेगळी, कधी नॉइज कॅन्सलिंगची वेगळी, आणि अपडेट एकापाठोपाठ एकेकीला जातं. मध्ये तुटलं तर एक नवी, एक जुनी.

कल्याणची_किमया
काका हे दुसरं माझ्याकडे झालंय बहुतेक! माझ्यावर गाणी वाजतात, फोनला जोडतो, पण टच आणि आवाजाचं बटण मेलेलं. मंद्रसप्तक इतकं वाईट नाही.

सोल्डरकाका
किमयाताई, फोनला जोडतोय ना, मग घाबरू नका. फोनच्या ब्लूटूथमधून हेडफोन काढून टाका, ॲपचा कॅश साफ करा, परत जोडा आणि ॲपला तेच अपडेट पुन्हा मागा. बऱ्याचदा राहिलेली चिप तेव्हा भरते. ॲप "आधीच नवीन आहे" म्हणालं तर मात्र सर्व्हिस सेंटर.

मंद्रसप्तक, तुमच्याकडे एक रस्ता शिल्लक आहे. अर्धवट फर्मवेअरच्या खाली एक छोटा बूटलोडर असतो, हेडफोन चालू होताना सगळ्यात आधी उठणारा प्रोग्राम, त्याला अपडेट सहसा हात लावत नाही. तो काही हेडफोनमध्ये यूएसबीवरून नवं फर्मवेअर घ्यायला तयार असतो. सगळ्यांत नसतो, कित्येकांत यूएसबीच्या डेटाच्या तारा आत जोडलेल्याच नसतात, पोर्ट फक्त चार्जिंगचं. तुमचा कुठला ते एका मिनिटात कळतं. लॅपटॉप कुठला आहे?

मंद्रसप्तक
जुना आहे, उबंटू टाकलेलं, एडिटिंगसाठी. ही कमांड काकांनी मेसेजमध्ये दिली, इथे टाकतो म्हणजे बाकीच्यांनाही उपयोगी.

```
lsusb
```

हेडफोन न लावता एकदा, लावून एकदा, आणि कुठली ओळ वाढली ते बघायचं. मी लावून बघितलं तर एकही ओळ वाढली नाही. म्हणजे संपलं का?

पूर्वा_मुलुंड
वायर कुठली वापरली? माझ्याकडे पंख्याबरोबर आलेली एक वायर आहे, चार्ज होतं पण फोन लॅपटॉपला दिसतच नाही.

सोल्डरकाका
शाब्बास पूर्वाताई, मी हेच विचारणार होतो. हेडफोनच्या खोक्यातल्या आखूड वायरमध्येही कधी कधी फक्त विजेच्या दोन तारा असतात. ज्या वायरने फोनमधले फोटो लॅपटॉपवर येतात तीच घ्या. हब नको, लॅपटॉपचं स्वतःचं पोर्ट. आणि लावलेला असतानाच परत तो दोन बटणांचा रिसेट मारा, काही बूटलोडर उठल्या उठल्या दोन-तीन सेकंदच यूएसबीकडे बघतात.

मंद्रसप्तक
दिसला!!!! फोनची वायर लावली, रिसेट मारला, आणि यादीत एक ओळ वाढली, शेवटी `USB Bluetooth Device in DFU State` असं आहे. पांढरा दिवा आता जळत नाहीये, मंद लुकलुकतोय. पहिल्यांदा काहीतरी वेगळं बघतोय तीन दिवसांत.

सोल्डरकाका
बस. DFU म्हणजे तो फर्मवेअरची वाट बघतोय. आता हात आवरा, काही प्रयोग नको. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर कॉम्प्युटरसाठीचा अपडेटर आहे का बघा, फोनच्या ॲपपेक्षा वेगळा असतो.

देवनार_डीजे
नसेल तर सांगा, एका ग्रुपवर सगळ्या मॉडेलच्या फाइल्स पडलेल्या असतात, मी देतो.

सोल्डरकाका
देवनारभाऊ, तुमचा हेतू चांगला आहे पण तशी फाइल नको. एकाच नावाच्या मॉडेलचे आत दोन-दोन प्रकार असतात, चिप बदललेली असते. बूटलोडरने फाइलवरची कंपनीची डिजिटल सही तपासली तर तो ती फाइल नाकारेल, तेव्हा वाचलात. तपासली नाही तर चुकीचं फर्मवेअर बसेल आणि आज जो रस्ता उघडा आहे तोही बंद होईल.

मंद्रसप्तक
अपडेटर आहे, पण विंडोजसाठी. ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद केलेलं असतं. शेजारच्या जोशीकाकूंच्या मुलाचा लॅपटॉप संध्याकाळी मिळेल.

मंद्रसप्तक
झालं मंडळी. नीट लिहितो, कोणाला लागेल.

लॅपटॉप चार्जरला लावून स्लीप बंद केलं, दुसरं कुठलंही ब्लूटूथ चालू नव्हतं, माझा फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवला. अपडेटर उघडला तर आधी "डिव्हाइस सापडत नाही". वायर काढली, अपडेटर उघडा ठेवूनच परत लावली आणि रिसेट मारला, विंडोजचा तो टुंग आवाज आला आणि स्क्रीनवर मॉडेलच्या नावाऐवजी नुसतं रिकव्हरी असं बटण आलं. दाबलं. ३ टक्क्यांवर तुटलं. माझा घामाने शर्ट ओला. काकांना फोन केला तर म्हणाले दुसरं पोर्ट घ्या, त्याच जागी अडलं तर सांगा. डाव्या बाजूच्या पोर्टला लावलं, ह्यावेळी सलग गेलं, साधारण अकरा मिनिटं. १०० झाल्यावर हेडफोन स्वतःहून बंद झाला, मी वायर काढली नाही, दोन मिनिटांनी स्वतःच उठला. पॉवरचं बटण दाबलं आणि तो सरळ बंद झाला. इतक्या साध्या गोष्टीने डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं नव्हतं.

शिवडीची_स्नेहा
वा वा!! खूप बरं वाटलं वाचून. बाळाला पापा.

चाळकरी_गिरगाव
आता तरी फॅक्टरी रिसेट करायचा का? 🙂

सोल्डरकाका
हो, आता त्याची वेळ आली. जुन्या फर्मवेअरची सेटिंग आणि पेअरिंग नव्यात अर्धवट वाचली जातात. हेडफोन इनिशियलाइझ करा, फोनमधूनही तो काढून टाका, मग नव्याने जोडा. एकाच बाजूने पुसलं तर जोडतोय-तुटतोय असं होत राहतं.

मंद्रसप्तक
तसंच केलं. टच, नॉइज कॅन्सलिंग, ऑक्स सगळं चालू. एकच राहिलंय, चालू-बंद करताना ती बाई बोलायची ना, "बॅटरी अमुक टक्के", ती गप्प आहे, नुसता टिंग वाजतो. ॲपमध्ये भाषा बदलून बघितली, डाउनलोड सुरू होतं आणि अडतं.

सोल्डरकाका
आवाजाचं पॅक बऱ्याचदा फर्मवेअरपासून वेगळ्या जागेत असतं, रिकव्हरी तिकडे जात नाही. आधी दुसरी कुठलीतरी भाषा उतरवा, मग परत इंग्रजी. घरी बसून, बॅटरी भरलेली, फोन शेजारी ठेवून, आणि आईला आधी फोन करून घ्या.

पूर्वा_मुलुंड
पण कॉल आल्यामुळेच तुटलं हे नक्की का? माझ्या अपडेटच्या मध्ये दोनदा कॉल आलेत, काही झालं नाही.

सोल्डरकाका
नक्की नाही सांगता येणार. कॉल आला की त्याच ब्लूटूथवरून आवाज जायला लागतो आणि डेटा अडतो, हे एक कारण. बॅटरी सेव्हरने मागे चाललेलं ॲप मारलं, हे दुसरं. हेडफोन बॅगेत, फोन खिशात, मध्ये सकाळच्या कांदिवलीची गर्दी, माणसाचं शरीर हा सिग्नल चांगलाच अडवतं, हे तिसरं. त्यांच्याकडे तिन्ही एकदम होती.

पनवेल_हार्बर
हा धागा आज सापडला, सगळं वाचून तसंच केलं. माझा पण अपडेटमध्ये गेलाय. रिसेटने दिवा विझून परत लागतो, इथपर्यंत सेम. पण तीन वायरी, दोन लॅपटॉप, काहीही दिसत नाही, टुंग आवाजही नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बोर्ड बदलावा लागेल, नव्या हेडफोनच्या निम्म्याच्या वर खर्च आहे. वॉरंटीत आहे तरी म्हणतात अपडेट तुम्ही तोडलंत.

सोल्डरकाका
त्याच वायरींपैकी एकीने तुमचा फोन त्याच लॅपटॉपला दिसतो का ते आधी बघा. दिसत असेल तर तुमच्या हेडफोनच्या पोर्टला डेटा नाही, किंवा बूटलोडर तिकडे बघत नाही. घरी करण्यासारखं मग काही उरत नाही, बोर्डावरच्या टेस्ट पॉइंटला प्रोग्रामर नावाचं यंत्र लावावं लागतं आणि त्यासाठी कंपनीचीच फाइल लागते, ती माझ्याकडे नसते.

वॉरंटीचं मात्र सोडू नका. अपडेट कंपनीच्याच ॲपने दिलं होतं. ॲपमधला फेल झाल्याचा स्क्रीनशॉट, तारीख, बिल, हे सगळं ईमेलने पाठवा, तोंडी बोलू नका. "ग्राहकाने तोडलं" हे त्यांच्याकडून लेखी मागा. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

पनवेल_हार्बर
फोन दिसतो, वायर बरोबर आहे. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. आज रात्री ईमेल करतो, उत्तर आलं की इथे टाकतो.

मंद्रसप्तक
@सोल्डरकाका दुसरी भाषा आधी उतरवली, ती उतरली. इंग्रजी अजून अडतेय, ४० टक्क्यांवर. सध्या चालू केला की ती बाई जर्मनमध्ये बॅटरी सांगते, आकडा तेवढा अंदाजाने कळतो. उद्या परत करून बघतो, रात्री, बाळ झोपल्यावर.